पीएमचा कागद कोर्टात एकटा का चालत नाही

ग्रामीण रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा मला वाटायचं पीएम म्हणजे प्रेताचं पोस्टमॉर्टेम केलं, रिपोर्ट ठाणेदाराकडे गेला, आपलं काम संपलं. मग चार वर्षांनी सेशन कोर्टाचं समन्स येतं, तोवर तुमची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झालेली असते आणि सकाळच्या एसटीनं जाऊन दुपारपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बसावं लागतं. सगळं लिहून दिलंय, सही आहे, शिक्का आहे, मग मला काहून बोलावता, असं प्रत्येक नवीन मेडिकल ऑफिसर एकदा तरी म्हणतोच.

याचं मूळ 1872 च्या पुरावा कायद्यात आहे. त्या कायद्याच्या नजरेत डॉक्टर हा तज्ज्ञ साक्षीदार, पुरावा म्हणजे त्यानं शपथेवर सांगितलेलं मत, आणि पीएम रिपोर्ट हा त्याचाच आधी लिहून ठेवलेला जबाब. साक्षीत आठवण ताजी करायला तो कागद हातात घेता येतो, पण कागद स्वतः बोलत नाही. गंमत म्हणजे केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट, तो व्हिसेऱ्याचा म्हणजे प्रेतातून काढलेल्या अवयवांचा असो की रक्ताचा, इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासूनच त्या माणसाला न बोलावता वाचता येतो. डॉक्टरला तशी थेट सूट मिळाली नाही. त्याच संहितेत एवढंच होतं की सिव्हिल सर्जनची साक्ष मॅजिस्ट्रेटनं आरोपीसमोर आधी घेऊन ठेवली असेल तर पुढच्या कोर्टात ती वाचता येईल. म्हणजे प्रयोगशाळेतल्या माणसावर कागदापुरता भरवसा, आणि प्रेत फाडणाऱ्यानं एकदा तरी आरोपीच्या वकिलासमोर उभं राहायचं. मला हे तेव्हा अन्यायाचं वाटायचं, आता वाटत नाही, कारण पुढे सांगतो.

1973 च्या नव्या संहितेत कलम 294 आलं. समोरच्या पक्षानं कागदाचा खरेपणा मान्य केला तर तो तसाच वाचायचा. मग हे पीएम रिपोर्टला लागू आहे का यावर बरंच भांडण झालं आणि 1981 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचनं शेख फरीद हुसेनसाब प्रकरणात सांगितलं की हो, आरोपीनं वाद घातला नाही तर डॉक्टर न येताही पीएम नोट पुरावा म्हणून वाचता येईल. पण खुनाच्या केसमध्ये बचावाचा वकील सहज मान्य करेल का? डॉक्टरची उलटतपासणी हीच तर त्याची जागा.

ती कशी होते हे एका केसवरून बघा, तपशील मी बदललेत. धुऱ्यावरून दोन भावकीत वाद, वावरातच मारामारी, एक जण मेला. पाहणारे दोन साक्षीदार म्हणतात, कुऱ्हाड डोक्यात घातली. पीएम फॉर्मच्या 17 नंबरच्या रकान्यात बाहेरच्या जखमा लिहायच्या असतात, तिथं लिहिलंय: डोक्याच्या डाव्या बाजूला 6 बाय 1 सेंटीमीटरची फाटलेली चेंगरलेली जखम, हाडापर्यंत. 19 नंबर डोक्याच्या आतल्यासाठी, तिथं कवटीचं फ्रॅक्चर आणि मेंदूवर साकळलेलं रक्त. सरकारी वकिलांची, म्हणजे पीपी साहेबांची, सरतपासणी दहा मिनिटांत झाली, रिपोर्टला निशाणी नंबर पडला. मग बचावाचे वकील उठले, आवाज एकदम गोड.

"डॉक्टरसाहेब, कुऱ्हाडीचं पातं धारदार असतं?" हो. "धारेनं मारलं तर कडा स्वच्छ कापल्या जातात?" साधारणपणे हो. "तुम्ही लिहिलेली जखम कापलेली नाही, फाटलेली आहे?" हो. "ती काठीनं होऊ शकते?" हो. "धुऱ्यावरच्या दगडावर पडून?" होऊ शकते.

पाचही उत्तरं खरी होती आणि पाच मिनिटांत केस हलली. पीपी साहेबांनी फेरतपासणीत विचारलं, कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूनं होऊ शकते का, मी हो म्हटलं, पण तोवर उशीर झाला होता. कारण 1974 चा सुप्रीम कोर्टाचा हल्लू विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल. त्यात साक्षीदार कुऱ्हाड आणि भाला म्हणत होते आणि जखमा काठीसारख्या निघाल्या. कोर्टानं सांगितलं की साक्षीदार कुऱ्हाड म्हणतो तेव्हा बोथट बाजूनं मारलं असं आपण धरून चालायचं नाही, तसं झालं असेल तर सरकारी पक्षानं साक्षीदारालाच विचारून ते रेकॉर्डवर आणायला हवं. आमच्या केसमध्ये साक्षीदारांना कोणी हे विचारलंच नव्हतं.

माझी चूकही होतीच. डोक्याची कातडी हाडावर ताणलेली असते, त्यामुळं काठी लागली तरी ती फटकन उकलते आणि जखम वरवर कापल्यासारखी दिसते, म्हणून नुसत्या नजरेवर जायचं नसतं. भिंगातून बघायचं असतं की कडांच्या मधे तंतू, बारीक रक्तवाहिन्या पुलासारख्या शाबूत आहेत का, केसांची मुळं चेंगरली की केस सरळ कापले गेले. मी बघितलं असणार, पण लिहिलं नव्हतं, आणि चार वर्षांनी "मला आठवतंय" म्हणायला तोंड नाही. कोर्टासाठी न लिहिलेलं म्हणजे न पाहिलेलं. शिवाय तपासात मला कुऱ्हाड कोणी दाखवलीच नव्हती. 1976 च्या कर्तारे निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की जप्त हत्यार डॉक्टरला दाखवून त्याचं मत घेणं हे सरकारी पक्षाचं आणि कोर्टाचंही काम आहे.

दुसरा ठरलेला प्रश्न: ही जखम निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू घडवायला पुरेशी होती का? वाक्य कानाला विचित्र वाटतं, पण ते 2024 पर्यंत लागू असलेल्या जुन्या दंडसंहितेच्या कलम 300 मधून जसंच्या तसं उचललेलं आहे आणि त्याचा अर्थ लावला तो आपल्या नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश व्हिव्हियन बोस यांनी, 1958 च्या विरसा सिंग निकालात. तिथं पोटात भाल्याचा एकच वार होता, आतडी बाहेर आलेली. बोस म्हणाले, ती जखम करायचाच इरादा होता एवढं सिद्ध झालं की पुढचा प्रश्न जखम पुरेशी होती का इतकाच, मारणाऱ्याला ते ठाऊक होतं का हे बघायची गरज नाही. त्यामुळं डॉक्टरनं इथं "शक्य आहे" असं गुळमुळीत म्हटलं तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर घसरू शकतो. आणि "पुरेशी" म्हणताना कारण द्यावं लागतं: कोणतं हाड, कुठं रक्त, किती.

मग डॉक्टर आणि साक्षीदार यांचं जुळलं नाही तर कोणाचं खरं? 1983 च्या सोलंकी चिमणभाई निकालानं साधारण असं ठरवलं की डोळ्यानं पाहिलेल्याला आधी मान, डॉक्टरचा पुरावा जोडीला, पण साक्षीदार सांगतो तसं होणं शक्यच नाही इतकं मेडिकल पुराव्यातून निघत असेल तर साक्षीदार बाजूला पडू शकतो. म्हणून वकील "होऊच शकत नाही" हे शब्द तुमच्या तोंडून काढायला बघतात.

आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 336 प्रमाणे डॉक्टर बदलून गेला, रिटायर झाला, वारला किंवा त्याला आणण्यात उशीर होणार असेल तर त्या जागेवरचा आजचा डॉक्टर रिपोर्टवर साक्ष देऊ शकतो, तीही व्हिडिओ कॉन्फरन्सवर, आणि रिपोर्टवर वाद नसेल तर बोलवायचंच नाही. एसटीची खेप वाचेल. पण प्रेत न बघितलेल्या डॉक्टरला कडांमधल्या तंतूंबद्दल विचारलं तर तो 17 नंबरचा रकाना वाचून दाखवेल, आणि माझ्या त्या रकान्यात एवढंच आहे: 6 बाय 1, हाडापर्यंत.