पार्श्वभूमी : कार्डामागचाच नंबर फोनवर कसा येतो

"विश्वास बसत नसेल तर कार्ड पालथं करून बघा मॅडम. मागे छापलेला नंबर आणि तुमच्या स्क्रीनवरचा नंबर एकच आहे ना?" बँकेच्या नावाने फोन करणारा भामटा हे म्हणतो तेव्हा अनेकदा तो खरं बोलत असतो. आकडा न् आकडा जुळतो. तो नंबर आपण 'बँक' म्हणून सेव्ह केलेला असेल तर स्क्रीनवर नावही तेच दिसतं, कारण हँडसेट आलेला नंबर आपल्या यादीशी जुळवतो आणि त्यापलीकडे काही तपासत नाही. म्हणजे निष्काळजी माणसापेक्षा नंबर पडताळून पाहणारा सावध माणूसच या डावात आधी सापडतो.

दुसऱ्याचाच नंबर दाखवण्याच्या या प्रकाराला स्पूफिंग म्हणतात. हे शक्य होतं याचं मूळ टेलिफोनच्या जुन्या रचनेत आहे. प्रत्येक कॉलबरोबर दोन नंबर प्रवास करतात. एक ज्याला फोन लावला त्याचा आणि दुसरा ज्याने लावला त्याचा. कॉल कुठे न्यायचा हे फक्त पहिल्यावरून ठरतं. दुसरा नुसता सोबत जातो, चुकीचा असला तरी घंटी वाजतेच. पोस्टाच्या पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कुणाचंही नाव लिहिलं तरी पत्र 'प्रति'खालच्या पत्त्यावर पोचतं, तसंच हे. कॉलबरोबर जाणाऱ्या या संदेशाचं स्वरूप ठरवलं गेलं तेव्हा जगातली एक्स्चेंजं मोजक्या, बहुतेक सरकारी कंपन्यांच्या हातात होती आणि शेजारच्या एक्स्चेंजने पाठवलेला नंबर तपासायची कुणाला गरज वाटली नाही. आपल्याकडे लँडलाइनला कॉलर आयडीचा वेगळा डबा जोडावा लागे. 1995 मध्ये मोबाइल आला, नंबर वेगळ्या डब्याशिवाय दिसू लागला आणि 'दिसतोय तोच नंबर' ही सवय आपल्याला लागली.

पहिली फट मात्र चोरांनी पाडलेली नाही, ती ग्राहकांची रास्त सोय होती. नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात एका वेळी 30 कॉल नेणारी पीआरआय लाइन आणि तिला जोडलेला, आतले सगळे फोन सांभाळणारा ईपीएबीएक्स असतो. स्टोअरमधून, अकाउंट्समधून, गेटवरून, कुठूनही फोन गेला तरी समोर कंपनीचा बोर्ड नंबरच दिसावा अशी मालकाची अपेक्षा असते. म्हणून कोणता नंबर दाखवायचा हे ग्राहकाच्या मशीनला सांगता येतं. बँकेच्या कॉल सेंटरमधल्या शेकडो खुर्च्यांवरून एकच नंबर दिसतो, तो याच सोयीमुळे. मशीनने सांगितलेला नंबर त्या ग्राहकाला दिलेल्या नंबरांपैकीच आहे का, हे टेलिफोन कंपनीने पाहायचं असतं. संदेशात त्यासाठी एक छोटी खूणही आहे : नंबर नेटवर्कने दिला, ग्राहकाने दिला आणि तपासला, की ग्राहकाने दिला पण तपासलाच नाही. ही खूण एक्स्चेंजला दिसते, पण तुमच्या-आमच्या हँडसेटच्या स्क्रीनवर कधीच दिसत नाही. तपासलेला आणि न तपासलेला नंबर स्क्रीनवर सारख्याच अक्षरांत उमटतात. माझ्या मते कॉलर आयडीच्या इतिहासातली सगळ्यात महागात पडलेली उणीव हीच.

इंटरनेटवरून कॉल जाऊ लागले तेव्हा ही फट रुंदावली. भारतात 2002 पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली, परदेशात तर घाऊक मिनिटं विकणाऱ्या कंपन्यांची रांगच लागली. इंटरनेट कॉलमध्ये कॉल करणाऱ्याचा नंबर `From` नावाच्या एका ओळीत मजकूर म्हणून लिहिलेला असतो. परदेशातली ढिली कंपनी तो न तपासता पुढच्या कंपनीला देते, ती तिसरीला, आणि शेवटी कॉल भारताच्या आंतरराष्ट्रीय गेटवेवर, म्हणजे परदेशी कॉल देशात शिरतात त्या नाक्यावर येतो. तोवर तो कुठून निघाला हे शेवटच्या कंपनीला सांगता येत नाही. तिच्या हातात असतो फक्त +91 ने सुरू होणारा एक नंबर.

इथे सगळे एकच प्रश्न विचारतात, आणि त्यावरचा निर्णय बरीच वर्षं लोंबकळला : परदेशातून येणारा कॉल भारतीय नंबर दाखवत असेल तर तो सरळ तोडत का नाहीत? उत्तर आहे रोमिंग. पाथर्डी फाट्यावरचा मुलगा कामासाठी दुबईला गेला आणि आपल्या नाशिकच्याच सिमवरून त्याने आईला फोन लावला, तर तो कॉलही परदेशातून, आंतरराष्ट्रीय गेटवेवरून, +91 नंबर घेऊनच येतो. गेटवेवर त्याचा कॉल आणि भामट्याचा कॉल बाहेरून तंतोतंत सारखे दिसतात. सरसकट तोडले तर परदेशातल्या खऱ्या ग्राहकांचा घरचा फोन बंद, सोडले तर भामटे मोकळे. कंपन्या रोमिंगचं कारण पुढे करत राहिल्या. ते कारण खोटं नव्हतं. पण त्यात एक गोष्ट झाकली गेली, ती म्हणजे लँडलाइन रोमिंगवर जात नाही. 022 किंवा 0253 ने सुरू होणारा बँकेचा नंबर परदेशातून येण्याचा संभव जवळजवळ नसतोच. ते कॉल आधीच तोडता आले असते असं मला ठामपणे वाटतं.

मोबाइल नंबरांसाठी उपाय होता तो रोमिंगची नोंद पाहण्याचा. प्रत्येक कंपनीकडे आपला ग्राहक या क्षणी कोणत्या नेटवर्कवर आहे याची नोंद असते. सिम नाशिकच्या टॉवरवर असेल आणि त्याच नंबरचा कॉल परदेशातून येत असेल तर तो बनावट. अडचण इतकीच की एका कंपनीला दुसरीच्या ग्राहकाची नोंद दिसत नाही. म्हणून 2024 मध्ये काम दोन टप्प्यांत झालं. आधी प्रत्येक कंपनीने स्वतःचे नंबर तपासले. मग 22 ऑक्टोबर 2024 ला सगळ्यांच्या नोंदी विचारता येतील अशी केंद्रीय यंत्रणा सुरू झाली. सरकारने दिलेल्या माहितीनुसार पहिल्या 24 तासांत सुमारे 1 कोटी 35 लाख कॉल अडवले गेले, आणि भारतीय नंबर दाखवत परदेशातून आलेल्या कॉलपैकी ते 90 टक्के होते. इतकी वर्षं काय वाहत होतं, हे त्या एका दिवसाने दाखवून दिलं. त्याआधी 2023 च्या दूरसंचार कायद्याने ओळख-क्रमांकाशी छेडछाड हा गुन्हा ठरवून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली होती.

पुढचे दोन उपाय 'ओळख' वाढवण्याचे. बँकांच्या सेवा-कॉलसाठी 1600 ने सुरू होणारी मालिका 2024 मध्ये राखून ठेवली गेली आणि मध्यवर्ती बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना ती वापरायला सांगितलं. जाहिरातींसाठी 140 आहे. दुसरा उपाय म्हणजे सिम घेताना दिलेल्या कागदपत्रांवरचं नाव स्क्रीनवर दाखवणं. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण दुसऱ्याची मर्यादा ओळखायला हवी. नाव शोधलं जातं ते आलेल्या नंबरावरून. नंबरच बनावट असेल तर यंत्रणा प्रामाणिकपणे खऱ्या बँकेचं नाव दाखवेल आणि खोट्याला आणखी वजन येईल. 1600 चा नंबरही तसाच बनावट असू शकतो, म्हणून '1600 म्हणजे बिनधास्त बोला' ही शिकवण मला पटत नाही. 1600 सोडून दुसऱ्या नंबरवरून 'बँक' बोलत असेल तर संशय घ्यावा, इथवर ठीक. उलट दिशेने मात्र ते प्रमाणपत्र होत नाही.

एका शब्दाचा गुंताही सोडवायला हवा. प्रत्येक 'फेक कॉल'ला आपण स्पूफिंग म्हणतो, ते बरोबर नाही. खोट्या कागदांवर घेतलेल्या सिमवरून आलेला कॉल त्याच सिमचा खरा नंबर दाखवतो. अनेक सिमं एका यंत्रात बसवून परदेशी कॉल स्थानिक करणारा सिमबॉक्सही तसाच. फरक उलट फोन लावल्यावर कळतो. स्पूफिंग असेल तर फोन नंबरच्या खऱ्या मालकाकडे जातो, म्हणजे बँकेत, किंवा 'मी तर फोन केलाच नाही' म्हणणाऱ्या एखाद्या बिचाऱ्याकडे. भामट्याचंच सिम असेल तर तोच उचलतो, आणि सिमबॉक्स असेल तर नंबर बहुधा बंद येतो किंवा कुणी उचलत नाही.

बचावही यातूनच निघतो. आलेल्या कॉलवरचा नंबर खोटा असू शकतो, पण तुम्ही स्वतः दाबलेल्या नंबरावरून कॉलची वाट ठरते.

समजा, इंदिरानगरच्या निवृत्त शिक्षिकेला सकाळी पावणेबाराला बँकेच्या नंबरवरून फोन आला. "तुमच्या कार्डावरून 48,500 रुपयांची खरेदी होतेय, थांबवायची असेल तर आलेला कोड सांगा." त्याच क्षणी बँकेच्या नेहमीच्या एसएमएसमध्येच ओटीपी येतो. तो एसएमएस खरा असतो, कारण खरेदी तो बोलणाराच करत असतो आणि कोड त्याच खरेदीला मंजुरी देण्यासाठी असतो. एसएमएस पूर्ण वाचला तर रक्कम आणि दुकानाचं नाव तिथेच दिसतं. थांबवण्यासाठी ओटीपी कधीच लागत नाही. बाईंनी करायचं ते इतकंच : "मी बँकेला फोन करते" म्हणून कॉल तोडायचा आणि कार्डामागचा किंवा पासबुकावरचा नंबर एकेक आकडा दाबून लावायचा. कॉल यादीतल्या नंबरला स्पर्श करून लावला तरी स्पूफिंगच्या प्रकारात तो बँकेतच जाईल, पण एखादा आकडा वेगळा असला तर नजरेतून सुटतो. गुगलवर शोधलेला कस्टमर केअर नंबर तर नकोच, तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. शाखा जवळ असेल तर चालत जाणं उत्तम. समोरचा "लाइन चालू ठेवा, मी कनेक्ट करतो" म्हणाला तर ती जोडणी त्याच्याच माणसाशी होणार. जुन्या लँडलाइनवर समोरच्याने फोन ठेवला नाही तर लाइन काही वेळ उघडी राहू शकते, म्हणून परत फोन मोबाइलवरून करावा.

यालाही एक अपवाद आहे. व्हॉट्सॲपवर आलेली, 'केवायसी' किंवा 'चलन' नावाची, फोनमध्ये ॲप बसवणारी एपीके फाइल आधी कधी फोनमध्ये टाकली गेली असेल तर त्या फोनवरून केलेल्या कॉलचाही भरवसा नाही. बँकेला लावलेला कॉल भामट्याकडे वळवून स्क्रीनवर बँकेचाच नंबर दाखवणारी मालवेअर सापडलेली आहेत. अशा वेळी शेजाऱ्यांचा फोन घ्यावा.

ओटीपी दिला गेलाच असेल तर आधी बँकेला सांगून कार्ड किंवा खातं बंद करावं आणि लगेच 1930 वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार द्यावी. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत ते गोठवता येतात का, हे त्यावरच ठरतं. मध्यवर्ती बँकेच्या जुलै 2017 च्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतः कोड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे बँकेकडून मिळालेला तक्रार क्रमांक आणि कळवल्याची वेळ लगेच लिहून ठेवावी. पैसे गेले नसतील, नुसता कॉल आला असेल, तर संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू सुविधेत त्याची नोंद करता येते.