पन्हाळ्याची एकच वाट: गडाच्या आपत्ती आराखड्यामागचा इतिहास

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यांबद्दल एक रोखठोक सूचना आहे. किल्ल्याला एकच दरवाजा असणे ही मोठी खोट. जागा पाहून दोन-तीन दरवाजे करावेत आणि त्याखेरीज चोरदिंड्याही ठेवाव्यात. अमात्यांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. आणि आज पन्हाळ्याच्या आपत्ती आराखड्याचा विचार सुरू केला, की पहिली अडचण येते ती याच खोटीची.

बांधताना गडाला ही खोट नव्हती. पश्चिमेला तीन दरवाजा, उत्तरेच्या अंगाला वाघ दरवाजा, शिवाय राजदिंडी. 1660 च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले, ते राजदिंडीने, असे सांगतात. पूर्वेला मुख्य प्रवेशाचा चार दरवाजा होता. 1844 मध्ये गडकऱ्यांचे बंड झाले, इंग्रजांनी पन्हाळा आणि पावनगड तोफा लावून घेतले आणि बंड मोडल्यावर चार दरवाजा पाडून टाकला. त्याच अंगाने आज डांबरी रस्ता वर चढतो. बस, ॲम्ब्युलन्स, पाण्याचा टँकर, सहलीच्या गाड्या, सगळे याच रस्त्याने. बाकीच्या वाटा पायी चालणाऱ्यांच्या उरल्या, किंवा जड वाहन नेऊच नये अशा कोरीव दगडी कमानींखालून जाणाऱ्या.

पन्हाळा नुसता पाहण्याचा किल्ला नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. वर वस्ती आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहेत. रायगडावर धोका दिसला तर प्रशासन पायथ्याच्या चित दरवाजाशी पोलीस उभे करून गड बंद करू शकते. 7 जुलै 2024 ला पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे उतरले आणि पर्यटक अडकले, त्यानंतर तसे केलेही गेले. पन्हाळा असा बंद करता येत नाही. इथे येणाऱ्यांना खाली थांबवले, तरी राहणारे वरच असतात.

2019 च्या पावसात हा रस्ता खचला होता. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत तो चार दरवाजाच्या परिसरात पुन्हा खचला आणि गडाची वाहनांची वाट बराच काळ तुटली. ते दिवस सगळ्या सह्याद्रीला जड गेले. महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला, तळियेवर डोंगर आला. त्या बातम्यांपुढे पन्हाळ्याचा रस्ता किरकोळ वाटला असेल. पण गडांच्या दृष्टीने तो जास्त शिकवून जाणारा प्रसंग आहे.

खचण्याचे कारण गडाच्या घडणीतच आहे. माथ्यावर जांभ्याचा थर आहे आणि त्याखाली बेसॉल्ट. जांभा सच्छिद्र असल्याने पाऊस पटकन पिऊन घेतो. खाली कुजलेल्या दगडाची चिकणमाती लागते, तिथे पाणी अडते आणि आडवे सरकत उताराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. गडावर बारमाही पाणी मिळायचे ते याच व्यवस्थेमुळे. पण सलग आठ-दहा दिवस पाऊस लागला, की मातीत दाब साठतो आणि उताराची पकड सुटते. त्यात रस्त्यासाठी उताराचा पायथा कापलेला, वरच्या बाजूने घरांचे सांडपाणी मुरणारे, आणि मधल्या तटाच्या सांध्यांत सिमेंट भरलेले. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो, सिमेंटचा सोडत नाही. तटामागे पाणी तुंबते आणि एके दिवशी भिंतीला पोट येते. डागडुजी म्हणून केलेले काम इथे धोका वाढवते, आणि हे अनेक किल्ल्यांवर झाले आहे.

आता कागदाकडे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या डिसेंबरात आला. आदल्या वर्षीची त्सुनामी आणि त्याच जुलैतला कोकण-मुंबईचा पाऊस ताजा होता. त्यातून जिल्हा आराखडे आले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने भूस्खलनाची मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये काढली आणि वारसास्थळांची 2017 मध्ये. म्हणजे तोवर जिल्ह्याच्या आराखड्यात गड असलाच तर गर्दीचे ठिकाण म्हणून. तट, बुरूज, टाकी यांचे काय करायचे हे कोणाच्याच वहीत नव्हते. जुलै 2025 मध्ये पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा हा प्रश्न ऐच्छिक राहिला नाही.

माळीणच्या दरडीनंतर, म्हणजे 2014 पासून, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या दरडप्रवण नकाशांना महत्त्व आले. ते उपयोगी आहेत, पण त्यांचे प्रमाण 1:50,000 आहे. त्यात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. रस्त्याचा खचणारा तुकडा किंवा एखादा बुरूज त्यात ठिपक्याएवढाही दिसत नाही. 2023 मध्ये इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा ती धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती. म्हणून गडाचा आराखडा करताना निदान 1:1,000 चा स्वतःचा नकाशा लागतो, आणि तो पावसाळ्यात फिरून करावा लागतो. कारण झरा कुठे फुटतो हे मे महिन्यात कळत नाही.

फिरताना काय पाहायचे, हे जुन्या रहिवाशांना चांगले ठाऊक असते. रस्त्याच्या कडेला समांतर गेलेली कमानदार भेग. कललेला कठडा किंवा विजेचा खांब. नितळ झरा अचानक गढूळ होणे, आणि त्याहून वाईट म्हणजे भर पावसात तो बंद पडणे. पाणी आत अडले असा त्याचा अर्थ. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून रोज एकाच वेळी अंतर मोजले, तरी पुरेसा अंदाज येतो. आठवड्यात दोन मिलिमीटर सरकणारी भेग दिवसात दोन सरकू लागली, तर वाहतूक त्याच तासाला थांबवायची. तज्ज्ञ नंतर येतील. पाऊसही गडावरच मोजायला हवा, कोल्हापूरचा आकडा इथे चालत नाही. आणि एका दिवसाच्या पावसाइतकीच मागच्या आठवड्याची बेरीजही पाहायला हवी.

खरी गाठ मात्र अधिकारांची आहे. रस्ता बांधकाम खात्याचा, तट पुरातत्त्व खात्याचा, गटार नगरपरिषदेचे, गड बंद करण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाचा. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि डागडुजीलाही परवानगी लागते. स्मारकासाठी हा नियम योग्यच. पण रस्ता खचल्यावर आधारभिंतीचा नकाशा काढायला घेतला, तर मंजुरीत हंगाम जातो, आणि घाईत ओतलेले काँक्रीट तटाच्या पायाशी कायमचे बसते. म्हणून भिंतीचे आरेखन, पाणी निघायची छिद्रे, तात्पुरत्या आधारासाठी दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या, निखळलेल्या दगडांवर क्रमांक टाकून ते ठेवायची जागा, हे सगळे उन्हाळ्यातच बांधकाम आणि पुरातत्त्व या दोन्ही खात्यांच्या सह्यांनिशी तयार असायला हवे. आणि तीन दरवाजाची वाट स्ट्रेचर नेता येईल इतकी मोकळी आहे का, हे दर मे महिन्यात चौघांनी स्ट्रेचर घेऊन उतरून पाहायला हवे.