पाच व्होल्टचा वारसा आणि बारीक तारेची केबल: यूएसबी मीटर काय मोजतो, याची पार्श्वभूमी

मोबाइलच्या चार्जरवर 5V 2A असे छापलेले असते आणि आपण असे गृहीत धरतो की हे दहा वॉट मोबाइलपर्यंत पोहोचतात. वास्तविक तो आकडा फक्त चार्जरच्या तोंडाशी खरा असतो. तिथून मोबाइलपर्यंत जी तार जाते, तिच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. काही शे रुपयांना मिळणारा, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा यूएसबी मीटर हा मधला तुटवडा आकड्यांत दाखवतो. हा तुटवडा इतका सर्रास का आढळतो, याचे कारण यूएसबीच्या इतिहासात आहे.

1996 साली यूएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले तेव्हा ही जोडणी माऊस, कीबोर्ड आणि प्रिंटर यांच्यासाठी होती. तिच्यातली वीज ही माहितीच्या देवाणघेवाणीला दिलेली जोड होती: पाच व्होल्ट, आणि उपकरणाने संगणकाशी बोलून परवानगी घेतल्यास जास्तीत जास्त अर्धा अँपिअर. एवढ्याशा प्रवाहाला बारीक तार पुरत असे. पुढे मोबाइल याच जोडणीवर चार्ज होऊ लागले आणि परवानगी देणारा संगणक नसलेला, भिंतीतला चार्जर आला. तेव्हा बॅटरी चार्जिंगसाठी वेगळे प्रमाण करण्यात आले. 2010 च्या त्याच्या 1.2 आवृत्तीनुसार चार्जरमध्ये माहितीच्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या असल्या, की मोबाइलने तो दीड अँपिअरपर्यंतचा चार्जर आहे असे समजावे. काही कंपन्यांनी त्याच दोन तारांवर ठरावीक व्होल्टेज ठेवून स्वतःच्या वेगळ्या खुणा निर्माण केल्या. प्रवाह असा तिप्पट-चौपट झाला, पण बाजारातल्या केबलच्या आतली तार बहुतेक वेळा पूर्वीचीच राहिली.

तारेचा रोध आणि तिच्यातून जाणारा प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वाटेत गमावलेले व्होल्टेज. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. स्वस्त केबलमध्ये वारंवार आढळणारी 28 गेजची तांब्याची तार मीटरमागे सुमारे 0.21 ओहम रोध दाखवते. प्रवाहाला जायला एक आणि परतायला एक अशा दोन तारा लागतात, म्हणून एक मीटर केबलचा रोध 0.42 ओहम होतो, आणि दोन्ही टोकांच्या पिनांचा थोडा त्यात मिळतो. अर्ध्या अँपिअरला हा तोटा पाव व्होल्टच्या आसपास राहतो. दोन अँपिअरला तो जवळजवळ एक व्होल्ट होतो, आणि पाचातला एक व्होल्ट म्हणजे पाचवा हिस्सा.

हे घरी पडताळणे सोपे आहे. पुण्यात तपकीर गल्लीतून आणलेली एक केबल आणि घरातली एक जुनी, जाड केबल यांची मी तुलना केली. दोन्ही केबल एक मीटर लांबीच्या आणि सी पिनच्या होत्या. मीटर असा निवडला की ज्याला ए आणि सी अशी दोन्ही तोंडे आहेत, आणि भार म्हणून पाच ओहमचा मोठा रोधक असलेले छोटे लोड घेतले. असे लोड त्याच गल्लीत मिळते, मात्र ते चांगलेच तापते, म्हणून काम मिनिटभरात उरकावे. सुरुवातीला मीटर थेट चार्जरमध्ये खोचून त्यावर लोड लावले, तेव्हा 5.10 व्होल्ट आणि 1.02 अँपिअर दिसले. नंतर चार्जर, केबल, मीटर, लोड अशा क्रमाने तीच जोडणी केली. नव्या केबलवर आकडे 4.62 व्होल्ट आणि 0.92 अँपिअर असे उतरले. म्हणजे 0.48 व्होल्ट वाटेत गेले, आणि त्यांना 0.92 ने भागल्यावर केबलचा रोध 0.52 ओहम आला. जुन्या केबलवर 4.88 व्होल्ट आणि 0.98 अँपिअर मिळाले, म्हणजे रोध सुमारे 0.22 ओहम. जुन्या केबलच्या आवरणावर 28AWG/1P 24AWG/2C असे छापलेले होते: माहितीची जोडी 28 गेजची, विजेच्या दोन तारा 24 गेजच्या. नव्या केबलवर काहीच छापलेले नव्हते, पण तिच्या रोधावरून आत 28 गेजची तार असावी असा अंदाज बांधता येतो.

मीटर कुठे लावला याला इथे फार महत्त्व आहे. चार्जरजवळ लावलेला मीटर केबलचा तोटा कधीच दाखवत नाही, कारण तो केबलच्या अलीकडचे व्होल्टेज वाचतो. मीटरच्या आतही प्रवाह मोजण्यासाठी एक लहानसा रोधक असतो. दोन्ही मोजण्यांत तो सारखाच असल्याने वजाबाकीत नाहीसा होतो. थेट चार्जरवरच व्होल्टेज भाराखाली 4.8 च्या खाली घसरत असेल, तर दोष आधी चार्जरमध्ये शोधावा.

लोड काढून मोबाइल लावला की चित्र आणखी बदलते. येणारे व्होल्टेज खाली जाऊ लागले की मोबाइल स्वतःच प्रवाह कमी करतो. नव्या केबलवर माझा मोबाइल 4.55 व्होल्ट आणि 1.05 अँपिअरवर स्थिरावला, म्हणजे जेमतेम 4.8 वॉट, जुन्या केबलवर 4.69 व्होल्टला 1.85 अँपिअर, म्हणजे 8.7 वॉट. चार्जर तोच, मोबाइल तोच. ही तुलना बॅटरी निम्म्याहून कमी भरलेली असतानाच करावी, कारण बॅटरी भरत आली की कोणत्याही केबलवर प्रवाह आपोआप उतरतो आणि चांगल्या केबलवर विनाकारण ठपका येतो.

या तोट्यावर उद्योगाने दोन वाटा काढल्या. क्वालकॉमच्या क्विक चार्ज 2.0 ने 2013 पासून व्होल्टेज 9 आणि 12 पर्यंत नेले, आणि यूएसबीच्या पॉवर डिलिव्हरी या प्रमाणाचाही मार्ग तोच आहे. अठरा वॉट पाच व्होल्टवर द्यायचे तर 3.6 अँपिअर लागतात, आणि माझ्या त्या 0.52 ओहमच्या नव्या केबलमध्ये 6.7 वॉट उष्णता झाली असती. 9 व्होल्टवर 2 अँपिअर पुरतात आणि 2.1 वॉटच जातात. ओप्पोच्या व्हूकने 2014 मध्ये उलट वाट घेतली: व्होल्टेज पाचाच्या आसपासच ठेवून प्रवाह चारांपलीकडे नेला आणि त्यासाठी स्वतःची जाड केबल दिली. अशा चार्जरमध्ये साधा मीटर मधे आला की संकेत तुटून चार्जिंग साध्या वेगावर येऊ शकते, आणि तो आकडा चार्जरची खरी ताकद मानू नये.

मीटरला न दिसणारा दोषही आहे. 2015 च्या अखेरीस गुगलचे अभियंता बेन्सन लियुंग यांनी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सी केबल तपासायला सुरुवात केली. दुसऱ्या टोकाला जुने ए तोंड असलेल्या सी केबलमध्ये 56 किलोओहमचा रोधक हवा असताना अनेकींमध्ये 10 किलोओहमचा निघाला. 10 किलोओहम म्हणजे 'तीन अँपिअर खुशाल घ्या' असा संकेत, मागचा पोर्ट तेवढा देऊ शकत नसला तरी. 2016 च्या फेब्रुवारीत चुकीच्या जोडणीच्या एका केबलने त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणे निकामी केली. व्होल्ट आणि अँपिअर दाखवणाऱ्या मीटरवर पहिल्या प्रकारची केबल उलट अधिक वेगवान वाटेल. रोधक ओळखण्यासाठी सी तोंडाच्या सीसी पिनवरचे व्होल्टेज वाचणारा, थोडा महाग मीटर लागतो.