पंधरा सोंगट्यांच्या पाटीचा वाद : पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका शाळेच्या गणित मेळाव्यात सरकत्या सोंगट्यांच्या पाटीवरून झालेली कुरबुर अजून शमलेली नाही. चार बाय चारच्या या पाटीत १ ते १५ आकड्यांच्या सोंगट्या आणि एक रिकामी जागा असते; सोंगट्या त्या जागेत सरकवत आकडे क्रमाने लावायचे. एका गटाने पाटी विस्कटून दुसऱ्या गटापुढे ठेवायची, असा खेळ होता. सोंगट्या उचलून हव्या तशा बसवायची मुभा होती, फक्त पाटी सुटणारी हवी. परीक्षकांनी एका गटाची पाटी ‘न सुटणारी’ ठरवून बाद केली. तिच्यात उलट्या जोड्या ३७ भरल्या आणि ३७ हा विषम आकडा, एवढेच कारण कागदावर आले. मोजणी बरोबर होती. नियम मात्र दुसऱ्याच पाटीचा होता.

उलटी जोडी म्हणजे वाचनाच्या क्रमात मोठा आकडा लहानाच्या आधी येणे. ही मोजदाद कोड्याच्या कितीतरी आधीची आहे. १७५० मध्ये जिनिव्हाच्या एका गणितज्ञाने समीकरणे सोडवताना कुठल्या पदापुढे अधिक चिन्ह लावायचे आणि कुठल्यापुढे उणे, हे असेच उलट मोजून ठरवले होते. कोडे आले ते १८७० च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावच्या पोस्टमास्तरकडून. १८८० च्या सुरुवातीला त्याने अमेरिकेत आणि मग युरोपात धुमाकूळ घातला. पुढे एका नामांकित कोडेकाराने ते आपलेच असल्याचे सांगून ठेवले आणि ती थाप शंभरेक वर्षे खपली. १४ आणि १५ यांचीच तेवढी अदलाबदल झालेली पाटी सोडवणाऱ्याला हजार डॉलर, ही त्याची प्रसिद्ध पैज. त्याच्या खिशाला तिची झळ लागणार नव्हती. कारण अशी पाटी सुटत नाही, हे १८७९ मध्येच एका अमेरिकन गणित नियतकालिकात छापून आले होते. त्याच अंकातल्या जोडटिपणाने उरलेली बाजूही पुरी केली: या आडकाठीत न अडकणारी प्रत्येक मांडणी सुटतेच.

आडकाठी कोणती, ते पाहू. पाटी बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी रंगवली आहे असे धरा. दर खेपेला रिकामी जागा शेजारच्या घरात जाते, म्हणजे तिचा रंग बदलतो. निघालेल्या कोपऱ्यातच तिला परत यायचे असेल, तर खेळींची संख्या सम असायलाच हवी. आता रिकाम्या जागेलाही सोळावी सोंगटी माना. मग प्रत्येक खेळी म्हणजे दोघांची एक अदलाबदल. वाचनाच्या क्रमात शेजारशेजारच्या दोघांनी जागा बदलल्या की उलट्या जोड्या एकाने वाढतात किंवा घटतात. दोघांच्या मध्ये पाच जण असले, तर शेजारच्या अदलाबदली अकरा कराव्या लागतात; मध्ये कितीही जण असोत, हा आकडा विषमच येतो. म्हणून कुठलीही अदलाबदल सम-विषमता उलटवते. सम खेळींनंतर ती होती तिथेच येते. १४-१५ ची उलटापालट ही एकच अदलाबदल, म्हणजे विषम. कितीही डोके आपटा, ती सम खेळींत बसणार नाही. रिकामी जागा कोपऱ्यात धरली तरी मांडण्या १ लाख ३० हजार कोटींच्या वर जातात, आणि त्यातल्या नेमक्या निम्म्या अशाच हाताबाहेरच्या असतात.

गोंधळ ‘क्रमचय’ या शब्दापासून सुरू होतो. आपल्याकडे पोरे चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून बहुतेकांचे गणित इंग्रजीत जाते. त्यामुळे हा शब्द कानावर पडला तरी ‘किती प्रकारे मांडता येईल’ या अकरावीच्या हिशेबापुरताच. तिथे क्रमचय म्हणजे मांडणी. इथे क्रमचय म्हणजे मांडणी बदलण्याची क्रिया, कोण कुठून कुठे गेला ते. सम किंवा विषम असते ती क्रिया. समोरची पाटी ‘विषम’ म्हणायची, तर कशाच्या तुलनेत, आणि रिकामी जागा धरून की सोडून, हे आधी सांगावे लागते. परीक्षकांनी ती सोडून मोजले. सोडायला हरकत नाही, पण मग त्याची किंमत मोजावी लागते.

तीन बाय तीनच्या पाटीवर ही किंमत शून्य आहे. सोंगटी आडवी सरकली, तर रिकामी जागा वगळून वाचलेला क्रम बदलतच नाही. उभी सरकली, तर ती वाचनाच्या क्रमात दोघांना ओलांडते. प्रत्येक ओलांडणीला उलट्या जोड्यांत एकाचा फरक, म्हणून दोन ओलांडण्यांनी सम-विषमता तशीच राहते. ‘उलट्या जोड्या विषम तर पाटी बाद’ हा नियम इथला, आणि इथे तो चोख आहे. चार बाय चारवर मात्र उभी सरकलेली सोंगटी तिघांना ओलांडते. दर उभ्या खेळीला सम-विषमता फिरते. तेव्हा रिकामी जागा तळापासून किती ओळी वर आहे, तेही मिळवावे लागते. बेरीज सम आली तर पाटी सुटते.

वाद चिघळल्यावर एका निवृत्त मास्तरांनी टेबलावरची जुळलेली पाटी उचलली. १ ते १५ क्रमाने, रिकामी जागा खाली उजव्या कोपऱ्यात. तिच्या वरची १२ त्यांनी एक घर खाली ओढली आणि म्हणाले, “मोजा आता.” शेवटची ओळ झाली १३, १४, १५, १२. उलट्या जोड्या तीन: १३-१२, १४-१२, १५-१२. तीन विषम, म्हणजे परीक्षकांच्या नियमाने पाटी बाद, आणि सुटायला बोटाचा एक धक्का पुरे. रिकामी जागा एक ओळ वर आहे. तीन अधिक एक चार, सम. बाद झालेल्या पाटीतही ती तळाच्या वरच्याच ओळीत होती. ३७ अधिक १ म्हणजे ३८.

परीक्षकांची बाजू इतकीच की नियमपत्रिकेत उलट्या जोड्यांचाच उल्लेख होता आणि ती पत्रिका सर्वांना आधीच वाटली होती. हे खरे आहे. पण त्याच पत्रिकेत ‘सुटणारी पाटी’ हेही शब्द होते, आणि पाटी सोडवून पाहायची तसदी कोणी घेतली नाही. चार बाय चारची कुठलीही सुटणारी पाटी ८० खेळींच्या आत किंवा फार तर ८० खेळींत सुटते. सर्वांत छोटा मार्ग सापडणे कठीण असते. पण साध्या रीतीने, वरच्या ओळी आधी लावत गेले, तर सरावाच्या मुलाला दोनशेच्या आसपास खेळी आणि पाचेक मिनिटे पुरतात.

फोनवरच्या खेळांतही ही चूक नवी नाही. सोंगट्या संगणकाकडून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून घेतल्या, तर साधारण दर दुसरी पाटी न सुटणारी निघते. जाणकार बेरीज तपासतात आणि ती विषम आली तर कुठल्याही दोन सोंगट्या आपसात बदलतात, की झाले.

त्याच मेळाव्यात मंगेशीच्या दीपमाळेचे चित्र कापून केलेली तीन बाय तीनची पाटी होती. मागे पेन्सिलीने आकडे घातले होते आणि त्यांवरून उलट्या जोड्या विषम भरत होत्या. तरी सहावीतल्या एका मुलीने ती जुळवून दाखवली. वरच्या कोपऱ्यातले आभाळाचे दोन तुकडे हुबेहूब सारखे होते. तिने जुळवलेल्या चित्रात ते एकमेकांच्या जागी बसले होते, आणि पुढून पाहणाऱ्या कोणालाही ते ओळखू आले नाही.