मणक्यात ‘गॅप’ पडतो की कमी होतो?

“डॉक्टर, मानेच्या मणक्यात गॅप पडलाय म्हणे.” सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचं ऑफिस सांभाळणारे दिवाणजी समोर बसले होते. वय ४७. पूर्वी चोपड्या लिहायचे, आता दिवसभर कॉम्प्युटर. महिनाभर मान आखडलेली आणि उजव्या अंगठ्यात मुंग्या. लिफाफ्यात मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे होता. रिपोर्टात मोजून दोन ओळी: मानेचा बाक सरळ झाला आहे, आणि पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली जागा कमी झाली आहे.

‘गॅप पडणं’ हा शब्द आपल्याकडे कुठून रुजला कोण जाणे, पण घडतं त्याच्या नेमकं उलट. फिल्मवर दोन पांढऱ्या मणक्यांमध्ये जी काळी पट्टी दिसते, ती रिकामी जागा नसते. तिथे गादी असते. गादी मऊ, तिच्यात हाडासारखं कॅल्शियम नाही, त्यामुळे क्ष-किरण तिच्यातून सहज पार होतात आणि ती दिसतच नाही. पट्टी बारीक दिसली की गादी चपटी झाली, एवढाच तर्क आपण करतो. दिवाणजींच्या फिल्मवर वरच्या गाद्यांची जागा पाच-सहा मिलिमीटर होती, पाचव्या-सहाव्यात जेमतेम तीन. शिवाय त्या मणक्यांच्या पुढच्या कडेला हाडाची बारीक चोच वाढलेली. अशी चोच महिनाभरात येत नाही, तिला वर्षं लागतात. म्हणजे दुखणं महिन्याचं, पण फिल्मवरचा बदल बराच जुना.

गादीच्या गाभ्यात तरुणपणी बहुतेक पाणीच असतं. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. वरच्या-खालच्या हाडातून झिरपेल तेवढंच पोषण मिळतं. वयाबरोबर पाणी धरून ठेवणारे रेणू घटतात आणि गादी बसते. पाचव्या-सहाव्यात हे सर्वांत जास्त दिसतं, कारण मान वाकताना तिथे हालचाल जास्त होते. १९८६ साली अमेरिकेत मान न दुखणाऱ्या २०० लोकांचे एक्स-रे तपासले होते. साठी ओलांडलेल्या पुरुषांपैकी सुमारे ९५ टक्के आणि स्त्रियांपैकी ७० टक्के लोकांत झिजेची एक तरी खूण सापडली. म्हणून नुसती बारीक पट्टी पाहून ‘दुखतंय ते यामुळेच’ असं मी म्हणत नाही.

आता दुसरी ओळ, बाक सरळ झाल्याची. ही फारच चंचल बाब आहे. निरोगी मानेला पुढच्या बाजूने हलका फुगवटा असतो. पण एक्स-रे काढताना हनुवटी जराशी खाली गेली तरी तो फुगवटा सपाट होतो. खांदे मध्ये येऊन सातवा मणका झाकतात, म्हणून टेक्निशियन “खांदे खाली सोडा” म्हणतो, आणि दुखऱ्या मानेचा माणूस त्या नादात हनुवटीही आत ओढतो. आखडलेले स्नायूही मान सरळ धरून ठेवतात. काहींची मान जन्मभर सरळच असते आणि ती कधी दुखतही नाही.

मग मुंग्यांचं काय? ते फिल्मवर नव्हतं, कारण साध्या एक्स-रेत नसही दिसत नाही आणि मज्जारज्जूही. मी त्यांना मान किंचित वर करून उजवीकडे कलवायला सांगितली आणि डोक्यावर हलका दाब दिला. अंगठ्यापर्यंत करंट गेला. कोपराच्या पुढचा हातोडीचा झटकाही उजवीकडे मंद होता. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधून सहावी नस निघते आणि ती अंगठ्याकडे जाते. फिल्म, बोट आणि हातोडी एकाच जागेकडे बोट दाखवत होती, तेव्हा कुठे बारीक पट्टीला अर्थ आला. हाताची ताकद शाबूत होती, म्हणून एमआरआयची घाई केली नाही. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असती, चाल लटपटत असती, लघवीवरचा ताबा गेला असता, तर मज्जारज्जूवर दाब असल्याच्या शंकेने त्याच दिवशी पुढे पाठवलं असतं.

स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणली, थोडे दिवस गोळ्या, मग फिजिओथेरपीचे व्यायाम. पट्टा त्यांनी स्वतःहून विकत घेतला होता, तो दिवसभर लावू नका म्हटलं, स्नायू आळसावतात. दीड महिन्याने मुंग्या गेल्या. मी सांगितलं नव्हतं, तरी पुतण्याच्या आग्रहाने त्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. या वेळी हनुवटी वर होती, दुखणंही नव्हतं, आणि मानेला बराचसा बाक परत आलेला.

“आणि गॅप?” त्यांनी विचारलं.

पट्टी मोजली. तीनच मिलिमीटर.