फॉर्म १६ मधली पंचाहत्तर हजारांची ओळ कुठून आली?

जून-जुलै आला की जळगाव, धुळे, भुसावळच्या कर सल्लागारांकडे पहिल्या नोकरीची पोरं-पोरी फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, घेऊन येतात. त्याच्या भाग ‘ब’मध्ये ढोबळ पगाराच्या खाली कलम १६ ची वजावट अशी नोंद असते आणि तिच्यासमोर ७५,००० किंवा ५०,००० हा आकडा असतो. याला प्रमाणित वजावट म्हणतात. बोलताना सगळे स्टँडर्ड डिडक्शनच म्हणतात. तिच्यासाठी एकही पावती द्यावी लागत नाही. बाकी सगळीकडे पुरावे मागणारं खातं इथे काहीच का विचारत नाही, याचं उत्तर पन्नास वर्षं मागे जाऊन मिळतं.

दुकानदार भाडं, वीज, मजुरी वजा करून उरलेल्या नफ्यावर कर भरतो. नोकरदारालाही कामासाठी खर्च होतो, पण तो दाखवायचा कसा? १९७४ पर्यंत कामासाठी घेतलेली पुस्तकं, स्वतःच्या वाहनाचा खर्च अशा वेगवेगळ्या वजावटी होत्या, आणि त्या प्रत्येक कर्मचाऱ्यागणिक तपासाव्या लागत. १९७४ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्या एकत्र करून एक ठोक वजावट आणली. पगाराच्या पहिल्या दहा हजारांवर २० टक्के, त्यापुढे १० टक्के, आणि जास्तीत जास्त ३,५०० रुपये. नोकरीसाठी होणारा खर्च सरकारने अंदाजाने धरून टाकला. पावती लागत नाही ती म्हणूनच.

पुढे मर्यादा वाढत गेली. २००५ मध्ये पी. चिदंबरम यांनी ही वजावट पूर्ण काढली. त्याच वर्षी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा वाढवून एक लाख केली आणि पीएफसारख्या बचतीवर वजावट देणारं ८०सी हे कलम आणलं. २०१८ मध्ये अरुण जेटलींनी ती ४०,००० रुपयांवर परत आणली, पण त्या बदल्यात महिना १,६०० रुपयांचा प्रवास भत्ता आणि वर्षाला १५,००० पर्यंतची वैद्यकीय बिलं यांची करमाफी गेली. त्या दोन्ही मिळून ३४,२०० होत होत्या, म्हणजे नोकरदाराच्या हाती नव्याने आले ते फक्त ५,८००. २०१९ मध्ये आकडा ५०,००० झाला. २०२० ची नवी करप्रणाली या वजावटीशिवायच आली होती; तिथे ती २०२३ मध्ये मिळाली आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ७५,००० झाली. जुन्या प्रणालीत मात्र ५०,००० च राहिली. दोन मित्रांच्या फॉर्म १६ वर वेगवेगळे आकडे दिसतात ते यामुळे.

आता एक उदाहरण घेऊ. रावेरची एक मुलगी जळगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात इंजिनिअर आहे. नेमणूकपत्रावर ‘पॅकेज सहा लाख’ लिहिलंय, आणि घरीही सगळ्यांना तोच आकडा पाठ आहे. त्यात कंपनीने भरायचा पीएफ २१,६०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद १४,४३० धरलेली आहे. हे दोन्ही तिच्या या वर्षीच्या करपात्र पगारात येत नाहीत. खरा ढोबळ पगार महिना ४७,०००: मूळ वेतन २५,०००, घरभाडे भत्ता १०,०००, विशेष भत्ता १२,०००. वर्षाचे ५,६४,०००. हिशेब सुरू होतो तो इथून.

बँकेत जमा झालेल्या रकमेपासून तो सुरू करायचा नाही. पगारातून तिचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जाऊन खात्यात ४५,००० येतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असल्यामुळे त्या महिन्यात शंभर कमी, म्हणून वर्षाचे ५,३९,९००. हाच पगार समजून त्यातून ७५,००० वजा केले, तर नवीन प्रणालीत न मिळणारी पीएफ आणि व्यवसाय कराची वजावट नकळत घेतल्यासारखी होते आणि विवरणपत्र फॉर्म १६ शी जुळत नाही.

नवीन प्रणालीत पायरी एकच आहे. ५,६४,००० मधून ७५,००० गेले की ४,८९,०००. २०२५-२६ या वर्षासाठी पहिल्या चार लाखांवर कर नाही, उरलेल्या ८९,००० वर ५ टक्क्यांनी ४,४५० होतात, आणि या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला मिळणारी कलम ८७ए ची सूट ते पुसून टाकते. कर शून्य. तरी उत्पन्न चार लाखांच्या वर असल्यामुळे विवरणपत्र भरावंच लागतं. “कर नाही तर भरू कशाला?” हा प्रश्न दरवर्षी येतो, उत्तर हेच की सूट मिळते ती कर मोजल्यावर, आणि भरण्याचं बंधन ठरतं त्याआधी.

जुन्या प्रणालीत पायऱ्या जास्त आहेत. तिचं खोलीभाडं महिना ७,०००, वर्षाचं ८४,०००. त्यातून मूळ वेतनाचे १० टक्के, म्हणजे ३०,००० वजा केले की ५४,००० उरतात. मिळालेला घरभाडे भत्ता आणि मूळ वेतनाचे ४० टक्के हे दोन्ही १,२०,००० होतात. तिन्हींत जो आकडा कमी तो माफ, म्हणून ५४,०००. मग प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, आणि ८०सी खाली तिचा पीएफ २१,६००. उरतात ४,३५,९००. इथेही ८७ए मुळे कर शून्यच.

व्यवसाय कराची ओळही इतिहासातूनच आली आहे. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये बसवला, १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. हा कर राज्याचा, म्हणून केंद्राने त्याची वजावट दिली. नवीन प्रणालीत ती मिळत नाही.

खानदेशात आणखी एक गोष्ट विचारायला हवी: सातबारा कोणाच्या नावावर आहे? केळीचं उत्पन्न वडिलांच्या शेताचं असेल तर ते तिच्या विवरणपत्रात येत नाही. तिच्या स्वतःच्या नावावरच्या शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं, तर मात्र सोपा आयटीआर-१ चालत नाही.

ही वजावट पगारालाच मिळते. ‘कॉन्ट्रॅक्ट’वर असलेल्याचा टीडीएस व्यावसायिक फी म्हणून १९४जे खाली कापला असेल, तर ते पैसे पगारात दाखवून ७५,००० घेता येत नाहीत. कापलेल्या कराची नोंद असलेला फॉर्म २६एएस उघडून कलम पाहिलं की दोन मिनिटांत कळतं. याउलट नोकरी जानेवारीत लागून तीनच महिन्यांचा पगार असला, तरी वजावट पूर्ण मिळते. ती महिन्यांच्या प्रमाणात कापली जात नाही. फक्त पगारापेक्षा जास्त होत नाही.

सर्वात महागात पडते ती वर्षाच्या मधे बदललेली नोकरी. समजा एखाद्याने पुण्यात सहा महिन्यांत सात लाख मिळवले आणि ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत पुन्हा सात लाख. आधीच्या पगाराची माहिती नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून दिली नाही, तर दोन्हीकडे ७५,००० वजा होतात, दोन्हीकडे ६,२५,००० दिसतात आणि ८७ए मुळे दोन्हीकडे टीडीएस शून्य. मुलगा निश्चिंत असतो. जुलैत दोन्ही फॉर्म १६ शेजारी ठेवले की एकूण १४ लाख, वजावट एकदाच, करपात्र १३,२५,०००. बारा लाखांच्या वर गेल्यामुळे सूट नाही. कर ७८,७५० आणि ४ टक्के उपकर धरून ८१,९००, शिवाय आगाऊ कर न भरल्याचं व्याज. दोन फॉर्मवर कलम १६ ची वजावट दोनदा दिसली, की विवरणपत्र भरण्याआधी हा हिशेब मांडायचा.