१/(२πRC) हे सूत्र दोन टप्प्यांत का चुकतं?

दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेऊन जास्त वारंवारता अडवणारा लो-पास फिल्टर बनवा. f = 1/(2πRC) या सूत्राने कटऑफ वारंवारता 1592 हर्ट्‌झ येते. तिथे आउटपुट इनपुटच्या 70.7 टक्के, म्हणजे 3 डेसिबल खाली असतं. मात्र त्यापुढे उतार मंद असतो: वारंवारता दुप्पट झाली की जेमतेम 6 डेसिबल घट.

उतार तीव्र करायला साहजिकच तसाच दुसरा टप्पा मागे जोडावासा वाटतो. पण तो पहिल्यातून प्रवाह ओढतो, आणि 3 डेसिबलचा बिंदू थेट 596 हर्ट्‌झवर घसरतो. मध्ये प्रवाह न ओढता सिग्नल पुढे देणारा बफर घातला तरी 1024 हर्ट्‌झच मिळतात, कारण प्रत्येक टप्पा 1592 वर 3 डेसिबल खातो आणि दोन्ही मिळून 6 होतात. सूत्र बरोबरच असतं, फक्त ते एकट्या टप्प्याचं असतं.

कॉइल वापरली की कोपरा, म्हणजे कटऑफजवळचं वळण, धारदार करता येतो. 1915च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल विली वॅग्नर यांनी टेलिफोनसाठी कॉइल-कपॅसिटरचे फिल्टर मांडले. पण आपल्या 1592 हर्ट्‌झला, दहा नॅनोफॅरडच्या जोडीला, एक हेन्रीची कॉइल लागते. ती बोजड असते आणि आसपासचा गुणगुणाटही पकडते. 1930 मध्ये ब्रिटिश अभियंता स्टीफन बटरवर्थ याने टप्पे व्हॉल्व्हने एकमेकांपासून वेगळे केले आणि कटऑफपर्यंत शक्य तितका सपाट प्रतिसाद कसा मिळवायचा ते दाखवलं. कॉइल मात्र राहिलीच.

ती घालवली आर. पी. सॅलन आणि ई. एल. की यांनी, 1955 मध्ये, एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत. दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, आणि पहिला कपॅसिटर जमिनीऐवजी अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटला. कोपऱ्याजवळ आउटपुटचा थोडा अंश परत येऊन घसरलेला प्रतिसाद वर उचलतो. ऑप-अँपच्या चिप पुढच्या दशकात आल्या आणि ही रचना घरोघरी पोचली.

दोन्ही R सारखे आणि दोन्ही C सारखे ठेवले, तर बटरवर्थ प्रतिसादासाठी अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट करतो ते, 1.586 हवा. मग कटऑफ पुन्हा 1592 हर्ट्‌झवर येतो आणि सूत्र जसंच्या तसं चालतं. गेनसाठी फीडबॅकमध्ये 10 किलोओहम जमिनीकडे आणि 5.86 किलोओहम आउटपुटकडे. बाजारातला 5.6 बसवला तरी गेन 1.56 राहतो आणि फरक क्वचितच जाणवतो. माझ्या अनुभवात गडबड बहुधा इथे होते: कोणी सवयीने गेन 1 ठेवतो, तेच R आणि C वापरतो, आणि स्कोपवर 1024 हर्ट्‌झ पाहून कपॅसिटरवर संशय घेतो. उलट गेन 3 कडे नेला, तर आधी कोपऱ्यावर उंचवटा दिसतो, आणि 3 गाठताच इनपुट नसतानाही आउटपुटला साइन लहर सुरू होते.